एक टक्का खाती, वीस टक्के जमीन: खातेदारांच्या यादीतून नमुना कसा काढावा

प्रश्न: "माझ्याकडे जमीन नोंदींवरून तयार केलेली ४,००० खात्यांची यादी आहे आणि प्रत्येक खात्यासमोर क्षेत्र दिलेले आहे. बहुतेक खाती एक हेक्टरच्या आतली आहेत, पण काही थोडी खाती तीस, पन्नास, अगदी नव्वद हेक्टरचीही आहेत. मला २०० मुलाखतींतून सिंचनाखालील एकूण क्षेत्राचा अंदाज काढायचा आहे आणि किती टक्के शेतकऱ्यांनी कर्ज घेतले आहे तेही पाहायचे आहे. चिठ्ठ्या टाकून सरळ २०० खाती निवडावीत का? मोठे खातेदार मुद्दाम जास्त घेतले तर निष्कर्ष एका बाजूला झुकणार नाहीत का?"

उत्तर: चिठ्ठ्या टाकून काढलेला नमुना सरासरीने निःपक्षपाती असतो हे खरे आहे, पण तुम्हाला नमुना एकदाच काढायचा आहे आणि त्या एका वेळी काय होईल ते तुमच्या यादीचा आकार ठरवतो. म्हणून आधी यादीचीच मांडणी करून पाहू. तुम्ही नेमके आकडे दिलेले नाहीत, त्यामुळे अशा याद्यांमध्ये नेहमी दिसणारी विभागणी मी उदाहरणासाठी धरतो. तुमच्या यादीवर हेच गणित अर्ध्या तासात करता येईल.

समजा १ हेक्टरपर्यंतची खाती २,६०० आहेत आणि त्यांची सरासरी अर्धा हेक्टर आहे. १ ते ३ हेक्टरची १,००० खाती आहेत, सरासरी १.७ हेक्टर. ३ ते १० हेक्टरची ३६० खाती आहेत, सरासरी ५ हेक्टर. आणि १० हेक्टरच्या वरची केवळ ४० खाती आहेत, पण त्यांची सरासरी ३० हेक्टर आहे. एकूण जमीन ६,००० हेक्टर होते आणि एका खात्यामागे सरासरी दीड हेक्टर येते. म्हणजे एक टक्का खात्यांकडे वीस टक्के जमीन आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या चार गटांतील प्रमाण विचलन अनुक्रमे ०.२५, ०.५५, १.८ आणि २० हेक्टर धरले, तर संपूर्ण यादीतील चढउतारापैकी, म्हणजे प्रचरणापैकी, सुमारे ८५ टक्के वाटा एकट्या त्या ४० खात्यांमुळे येतो.

आता सरळ २०० चिठ्ठ्या काढल्या तर मोठ्या ४० पैकी सरासरी दोन खाती नमुन्यात येतील. पण नमुन्यात एकही मोठे खाते न येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के आहे, आणि तसे झाले तर एकूण जमिनीचा अंदाज हजाराहून अधिक हेक्टरने कमी येईल. उलट जे मोठे खाते नमुन्यात येईल ते वीस खात्यांच्या वतीने बोलेल, त्यामुळे नव्वद हेक्टरचे एक खाते आले तर अंदाजात एकट्याचे १,८०० हेक्टर धरले जातील. एकूण क्षेत्राच्या अशा अंदाजाची सापेक्ष प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज खऱ्या आकड्यापासून साधारण किती टक्के इकडेतिकडे जातो ते माप, सुमारे १७ टक्के निघते. मोठी खाती आली की अंदाज फुगतो आणि आली नाहीत की तो कोसळतो. मुलाखती कितीही काळजीपूर्वक घेतल्या तरी यात सुधारणा होत नाही.

यावरचा उपाय म्हणजे यादीचे क्षेत्रानुसार स्तर पाडणे आणि सर्वांत वरचा स्तर पूर्णच घेणे. किती घ्यायचे याचा तर्क येर्झी नेमन यांनी १९३४ साली मांडलेल्या वाटणीत आहे: प्रत्येक स्तरातून घ्यायची संख्या ही त्या स्तरातील खात्यांची संख्या आणि त्या स्तरातील प्रमाण विचलन यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असावी. आपल्या उदाहरणात हे गुणाकार ६५०, ५५०, ६४८ आणि ८०० येतात. २०० मुलाखती या प्रमाणात वाटल्या तर वरच्या स्तराच्या वाट्याला ६० येतात, आणि त्या स्तरात खाती तर ४० च आहेत. सूत्र उपलब्ध संख्येपेक्षा जास्त मागते तेव्हा तो स्तर पूर्ण घ्यावा हाच त्याचा अर्थ असतो. मग ४० मुलाखती तिथे राखून ठेवायच्या आणि उरलेल्या १६० पुन्हा त्याच नियमाने खालच्या तीन स्तरांत वाटायच्या: ५६, ४८ आणि ५६. वरचा स्तर पूर्ण घेतल्यामुळे त्याच्याकडून निवडीमुळे येणारी त्रुटी शून्य होते आणि एकूण क्षेत्राची सापेक्ष त्रुटी १७ टक्क्यांवरून सुमारे २.३ टक्क्यांवर येते.

इथे एक सावधगिरी हवी. जमिनीचे क्षेत्र तर यादीत आधीच आहे, त्यामुळे त्याचा अंदाज अचूक येणे ही खरी परीक्षा नव्हे. तुम्हाला सिंचित क्षेत्र हवे आहे, आणि ते एकाच स्तरातल्या दोन खात्यांमध्ये पुष्कळ वेगळे असू शकते. अगदी प्रतिकूल स्थिती धरू: कोणतेही खाते एकतर पूर्ण सिंचित किंवा पूर्ण कोरडवाहू, आणि प्रत्येक स्तरात दोन्ही निम्मी-निम्मी. तरीही सरळ चिठ्ठ्यांच्या नमुन्याची त्रुटी सुमारे २५ टक्के येते आणि खाली सुचवलेल्या स्तरित नमुन्याची ८ टक्क्यांच्या आत राहते. लाभ घटला, पण नाहीसा झाला नाही, कारण शून्य नसलेले मोठे आकडे मोठ्या खात्यांकडूनच येतात.

आता तुमच्या शंकेकडे वळतो. मोठे खातेदार जास्त घेतल्याने निष्कर्ष झुकतात का? भार न लावता सरासरी काढली तर जरूर झुकतात, आणि थोडेथोडके नाहीत. प्रत्येक मुलाखतीला तिच्या स्तराचा भार लावला, म्हणजे त्या स्तरातील एकूण खाती भागिले त्यातून निवडलेली खाती, तर ते झुकत नाहीत. ज्याची निवड होण्याची संधी जास्त होती त्याचा भार तेवढाच कमी, हा सगळा हिशेब आहे. निवडीची संधी सर्वांना समान असणे आवश्यक नाही. ती प्रत्येकासाठी शून्याहून अधिक आणि आपल्याला ठाऊक असलेली असणे आवश्यक आहे.

खरी अडचण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. किती टक्के शेतकऱ्यांनी कर्ज घेतले या प्रश्नात अर्ध्या हेक्टरचा शेतकरी आणि नव्वद हेक्टरचा शेतकरी दोघेही एकेकच मोजले जातात. ६५ टक्के खाती सर्वांत खालच्या स्तरात आहेत आणि वरच्या वाटणीत त्यांच्या वाट्याला केवळ ५६ मुलाखती आल्या. टक्केवारी पन्नासच्या आसपास असेल तर या वाटणीत तिची प्रमाण त्रुटी ४.७ टक्के-गुण येते, तर सरळ चिठ्ठ्यांच्या नमुन्यात ती ३.४ असती. म्हणजे क्षेत्रासाठी उत्तम असलेला नमुना शेतकऱ्यांच्या टक्केवारीसाठी साध्या नमुन्याहून वाईट ठरतो. हा संघर्ष कोणत्याही सूत्राने मिटत नाही. कोणत्या उत्तरावर निर्णय अवलंबून आहेत हे तुम्हालाच ठरवावे लागेल.

दोन्ही उत्तरे सारखीच महत्त्वाची असतील तर मी वरचा स्तर पूर्णच ठेवून खाली ८०, ४५ आणि ३५ अशी वाटणी घेईन. क्षेत्राची त्रुटी २.३ वरून २.५ टक्के होते, म्हणजे जवळजवळ तीच राहते, आणि टक्केवारीची त्रुटी ४.७ वरून ४.१ वर उतरते. इष्टतम वाटणीच्या आसपासचा प्रदेश सपाट असतो, म्हणून तिथून थोडे बाजूला सरकल्याने फारसे काही गमवावे लागत नाही. माझ्या कामात मी सूत्राने दिलेली वाटणी जशीच्या तशी क्वचितच वापरली आहे, कारण पाहणीत विचारला जाणारा प्रश्न क्वचितच एकटा असतो. या वाटणीत भार अनुक्रमे ३२.५, २२.२, १०.३ आणि १ होतात. भार न लावता या २०० जणांची सरासरी जमीन काढली तर ती सुमारे ७.५ हेक्टर दिसेल, खऱ्या सरासरीच्या पाचपट. अहवाल लिहिणारी व्यक्ती वेगळी असेल तर भाराचा रकाना विदासंचातच भरून द्या, वेगळ्या कागदावर ठेवू नका.

स्तरांच्या सीमा कुठे आखाव्यात यावर बराच अभ्यास झालेला आहे. डालेनियस आणि हॉजेस यांची १९५९ सालची पद्धत वारंवारितेच्या वर्गमुळांची बेरीज करत जाते आणि त्या बेरजेचे समान भाग पाडते. इतक्या विषम यादीसाठी मला त्याहून सोपा नियम पुरतो: प्रत्येक सीमा आधीच्या सीमेच्या साधारण तितक्याच पटीत असावी. १, ३ आणि १० या सीमा अशाच, सुमारे तीन पटींच्या आहेत. १, २, ३ अशा समान अंतराच्या सीमा घेतल्या तर वरच्या स्तरात तीन हेक्टरपासून नव्वद हेक्टरपर्यंत सगळे एकत्र कोंबले जातात आणि मूळ दुखणे तसेच राहते. सीमा अचूक आखण्यात दिवस घालवू नका. तो वेळ यादी तपासण्यात घालवा.

कारण यादीतील चुकांचे परिणाम सारखे नसतात. ०.४० हेक्टर चुकून ४० हेक्टर म्हणून नोंदले गेले, तर ते खाते वरच्या स्तरात जाईल, तिथे १ भाराने मोजले जाईल आणि तुमची एक मुलाखत वाया जाईल, एवढेच. याच्या उलट चाळीस हेक्टरची नोंद ०.४० अशी असली, तर ते खाते ३२.५ भाराच्या स्तरात दडून बसेल, आणि नमुन्यात आले तर एकटेच १,३०० हेक्टर घेऊन येईल. पहिली चूक वरची शंभर खाती एकेक करून पाहिली की सापडते. दुसरी चूक डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी खात्याची आकारणी, गट क्रमांकांची संख्या किंवा नोंदीतील दुसरी कोणतीही माहिती क्षेत्राशी जुळते का ते पाहावे लागते.

मी स्वतः या गोष्टीची किंमत मोजली आहे. सुरुवातीच्या एका पाहणीत सर्वांत लहान स्तरातून आलेले एक खाते यादीत ०.८ हेक्टरचे होते, पण प्रत्यक्षात तो शेतकरी खंडाने घेतलेली जमीन धरून २५ हेक्टर कसत होता. तुमच्या वाटणीत असे झाले तर ३२.५ गुणिले २५ म्हणजे ८०० हून अधिक हेक्टर एका मुलाखतीतून येतील, ६,००० च्या एकूण आकड्यापुढे हा एक अष्टमांशाहून मोठा भाग आहे. त्या वेळी मी त्याला मोठ्यांच्या स्तरात हलवले आणि त्याचा भार १ केला. ती चूक होती. त्याची निवड लहान स्तराच्या संधीने झाली होती, आणि त्याच्यासारखे न निवडले गेलेले इतर शेतकरीही त्या स्तरात असणारच. भार १ केल्याने ते सगळे हिशेबातून पुसले गेले. भार नेहमी निवडीच्या वेळच्या स्तराचाच राहतो, मुलाखतीत काहीही कळले तरी. विश्लेषणासाठी त्याला मोठ्या शेतकऱ्यांच्या गटात दाखवायला हरकत नाही, पण ३२.५ भारासह. असा एखादा आकडा संपूर्ण अंदाज हलवत असेल तर त्याच्यासह आणि त्याच्याविना असे दोन्ही अंदाज द्यावेत. काही जण टोकाचे भार छाटतात. त्याने चढउतार घटतो पण अंदाज खाली झुकतो, म्हणून छाटायचे असेल तर नियम आकडे पाहण्यापूर्वी लिहून ठेवलेला असावा.

याच्याशी जोडलेला प्रश्न म्हणजे खाते आणि शेतकरी हे एक नव्हेत. तुम्ही मोजणार आहात शेतकरी, आणि यादी आहे खात्यांची. एकाच व्यक्तीची तीन खाती असतील तर तिला नमुन्यात येण्याच्या तीन संधी आहेत, आणि तिन्ही खाती लहान असली तरी ती व्यक्ती मुळात मोठी शेतकरी असू शकते. शक्य असेल तर निवडीपूर्वी नाव आणि पत्त्यावरून खाती एकत्र करा, निदान वरच्या दोन स्तरांत तरी. नावांच्या लेखनातील फरकांमुळे हे पूर्णपणे साधत नाही, म्हणून मुलाखतीत प्रत्येकाला या यादीच्या क्षेत्रात त्याची एकूण किती खाती आहेत हे विचारलेच पाहिजे. मग त्या शेतकऱ्याचा भार म्हणजे त्याच्या निवडल्या गेलेल्या खात्यांच्या भारांची बेरीज भागिले त्याची यादीतील एकूण खाती. एक खाते लहान स्तरात आणि एक ३ ते १० हेक्टरच्या स्तरात असेल आणि फक्त लहान निवडले गेले, तर भार ३२.५ भागिले २, म्हणजे १६.२५. दोन्ही निवडली गेली, तर ३२.५ आणि १०.३ यांची बेरीज भागिले २. प्रत्यक्ष मुलाखत अर्थातच एकदाच घ्यायची.

सामाईक खात्यात याच्या उलट घडते. एका खात्यावर पाच भावांची नावे असतील आणि ते वेगवेगळे कसत असतील, तर एक तर पाचही जणांची मुलाखत घ्यावी, किंवा चिठ्ठीने एकाची निवड करून त्याचा भार पाचने गुणावा. घरी जो भेटला त्याच्याशी बोलून पुढे जाणे हा तिसरा मार्ग प्रत्यक्ष पाहणीत सर्रास वापरला जातो, आणि त्यामुळे गावात राहणारा, शेती स्वतः करणारा भाऊच प्रत्येक वेळी मोजला जातो. पाचही जण एकत्र कसत असतील तर ते एकच शेती-एकक धरावे. यांपैकी काय धरायचे हे मुलाखतकारांना आधीच लेखी द्यावे, कारण दाराशी उभे राहून प्रत्येक जण वेगळे ठरवतो.

जमीन नोंदींच्या यादीत ज्यांच्या नावावर जमीन नाही असे खंडकरी आणि वाटेकरी मुळात नसतातच. निवडलेल्या खातेदाराची जमीन कोण कसतो हे विचारून तुम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचू शकता, आणि सिंचित क्षेत्रासाठी ते पुरेसे आहे, कारण जमीन यादीत आहेच. पण किती टक्के शेतकऱ्यांनी कर्ज घेतले हा प्रश्न मग जमीनधारक शेतकऱ्यांपुरताच मर्यादित राहतो, आणि अहवालात ते तसेच लिहावे लागेल.

क्षेत्राच्या प्रमाणात संधी देणारी निवड का करू नये, असेही कोणी सुचवेल. त्या पद्धतीत प्रत्येक खात्याची निवडीची संधी त्याच्या क्षेत्राइतकी वाढते आणि सिंचित क्षेत्रासाठी ती कार्यक्षम असते. पण ०.०५ हेक्टरच्या खात्याचा भार त्यात प्रचंड होतो, आणि अशीच खाती यादीत सर्वाधिक चुकीची असतात. तुमच्यासारख्या दुहेरी उद्दिष्टासाठी मी स्तरच निवडेन. मात्र प्रत्येक स्तरात खाती गावानुसार लावून ठराविक अंतराने निवडावीत, म्हणजे पाणी असलेली आणि नसलेली गावे दोन्ही नमुन्यात आपोआप येतात.

निवड झाल्यावर, मुलाखती सुरू करण्याआधी, एक तपासणी करा. निवडलेल्या २०० खात्यांचे यादीतील क्षेत्र भाराने गुणून बेरीज घ्या. ती ६,००० च्या जवळ, वरच्या अडीच टक्के त्रुटीनुसार बहुतेक वेळा ५,७०० ते ६,३०० च्या दरम्यान यावी, आणि वरच्या स्तराची बेरीज नेमकी १,२०० असावी. ती फार दूर गेली तर बहुधा भार चुकीच्या स्तराला लागलेले असतात. जी काही लहान तफावत उरेल ती शेवटी गुणोत्तर पद्धतीने वापरता येते: नमुन्यातील भारित सिंचित क्षेत्र भागिले भारित एकूण क्षेत्र, आणि त्याला ६,००० ने गुणायचे. सिंचित क्षेत्र एकूण क्षेत्राबरोबर वाढत असेल तर हा अंदाज साध्या भारित बेरजेहून स्थिर राहतो.

शेवटचा मुद्दा वरच्या चाळीस खात्यांचा. तिथे बदली खाते नसते, कारण त्या स्तरात घेण्यासाठी कोणीच शिल्लक नसते, आणि खालच्या स्तरातून आणलेला नऊ हेक्टरचा शेतकरी नव्वद हेक्टरवाल्याची जागा भरू शकत नाही. मोठे खातेदार बहुधा दुसरीकडे राहतात, म्हणून त्यांच्या भेटींची वेळ आणि प्रवास यांची तरतूद सुरुवातीलाच ठेवा आणि त्या मुलाखती पहिल्या आठवड्यात सुरू करा. तरीही तिघे राहिले, तर उरलेल्या ३७ जणांचा भार ४०/३७ करणे पुरेसे नाही. राहिलेल्यांत नव्वद हेक्टरचा खातेदार असेल तर या भाराने त्याची जमीन सरासरीएवढीच धरली जाते. त्याऐवजी त्या स्तराचे यादीतील १,२०० हेक्टर भागिले मुलाखत झालेल्या ३७ जणांचे यादीतील क्षेत्र, हे गुणोत्तर सिंचित क्षेत्राच्या अंदाजासाठी वापरावे, आणि ४०/३७ हा भार फक्त कर्जाच्या टक्केवारीसाठी ठेवावा. राहिलेल्या तिघांचे यादीतील क्षेत्र मात्र अहवालात नमूद करावे, कारण त्या स्तराच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते त्यावरूनच वाचकाला ठरवता येईल.